पळसाच्या रंगापुढे नाही

पहाटे साडेतीन

भट्टीवरची राख लोखंडी सळईने बाजूला सारली की आतून मंद लाल उजेड वर येतो. भाचा रात्रभर पाळीवर होता. ब्लोअरचा रेग्युलेटर अगदी खालच्या आकड्यावर ठेवून तो दर अर्ध्या तासाने ओंजळभर कोळसा टाकत राहिला. मी उठून आलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, रंग एकसारखाच होता जी. मधात एकदा वाढला, मी लगेच हवा बंद केली." मला तेवढंच ऐकायचं होतं.

राखेत मातीने लिंपलेला एक गोळा आहे आणि त्या मातीच्या आत पोलादाची वडी. सात सेंटिमीटर रुंद, साडेतीन सेंटिमीटर जाड आणि किलोभर वजनाची. गेल्या महिन्यात मी ती मुशीत वितळवली. तेव्हापासून तिला अशी बारा-बारा तासांची मंद आच देण्याची ही तिसरी वेळ. बालाघाटात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, फाटकं आणि ट्रॉल्या हे रोजचं काम. पण महिन्यातला एक दिवस मी या कामासाठी राखून ठेवतो. तो दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो, कारण एकाच दिवशी एक वडी घडवायची असते आणि दुसरी वितळवायची असते.

सांडशीने गोळा उचलून राखेच्या ढिगात ठेवला. तो थंड व्हायला दोन तास लागतील. पाण्यात घालून थंड करायचा मोह कधीच करायचा नाही, वडी काचेसारखी तडकते.

पहाटे साडेचार

आजच्या मुशीची भरणी. मूस म्हणजे वितभर उंचीचं, तळाशी निमुळतं मातीचं भांडं. भिंत माझ्या अंगठ्याएवढी जाड. पांढरी माती, जुन्या फुटक्या मुशांचं कूट आणि भाताचं तूस कालवून मी ती हाताने वळतो आणि पंधरा दिवस सावलीत सुकवतो. तुसाची इथे ददात नाही. बालाघाट म्हणजे भाताचा मुलूख. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असतात. मला मात्र त्यातून दरवेळी दोन घमेलीच लागतात.

तूस कशासाठी, हे मूस फोडून बघितली की कळतं. तुकडा आतून कोळशासारखा काळा असतो. भट्टीत हवा भिंतीच्या आतपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तूस पूर्ण जळून जात नाही. त्याचा कोळसा तिथेच राहतो, आणि तुसातली वाळू, म्हणजे सिलिका, मातीत सांगाडा धरते. नुसत्या मातीची मूस पंधराशे अंशांच्या आसपास मेणासारखी वाकते. तुसाची मूस उभी राहते. दख्खनच्या जुन्या भट्ट्यांजवळ सापडणाऱ्या मुशांचे तुकडेही असेच काळे असतात.

आता लोखंड. बैहरकडच्या एका आगरिया काकांनी दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर त्यांची मातीची भट्टी लावली होती. चामड्याच्या दोन भात्यांवर उभं राहून एकामागून एक पाय दाबायचे, बांबूची कांब ताणून भाता परत वर खेचते. मंडला, बालाघाट, बिलासपूर या पट्ट्यातल्या आगरियांवर वेरिअर एल्विनने १९४२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं लोखंड मऊ, कीट मिसळलेलं आणि जवळजवळ कार्बन नसलेलं. विळा, कुऱ्हाड, फाळ यांसाठी उत्तम. मुशीतलं पोलाद त्यांनी केलं नाही, ते काम दक्षिणेला चालायचं. पण मुशीत घालायला याच जातीचं लोखंड लागतं. काकांनी दिलेला गोळा मी ठोकून, कीट झाडून, बोराएवढे तुकडे करून ठेवला आहे.

त्यातले एक किलो मोजून घेतले. पोलादात दीड टक्का कार्बन हवा, म्हणजे किलोमागे पंधरा ग्रॅम. माझा सालाचा कोळसा ऐंशी टक्के कार्बनाचा धरला तर पंधरा ग्रॅमसाठी एकोणीस ग्रॅम कोळसा पुरायला हवा. प्रत्यक्षात मी तीस घालतो. लोखंडात राहिलेल्या किटात लोहभस्म असतं, ते आधी आपला वाटा खातं. थोडा कार्बन झाकणाच्या फटीतून वायू होऊन जातो. पहिल्या दोन खेपांना मी हिशेबाप्रमाणे एकोणीसच ग्रॅम घातला होता. वडी वितळलीच नाही, अर्धवट चिकटलेला ढेकूळ निघाला, कारण कार्बन कमी पडला की वितळायला आणखी उष्णता लागते आणि माझी भट्टी तिथवर जात नाही.

वर मूठभर हिरव्या बाटलीची काच. ती वितळून पोलादावर साईसारखी पसरते आणि हवेला अडवते. मग झाकण, आणि झाकणाच्या कडेने ओल्या मातीचा लेप. मधोमध पेन्सिल जाईल एवढं छिद्र ठेवायचं.

आमच्या पायाखाली भरवेलीची मँगनीज खाण आहे, तेव्हा बरेच जण विचारतात की थोडं मँगनीज का घालत नाही. जुन्या पात्यांची रासायनिक तपासणी झाली आहे, त्यांत मँगनीज अगदी कमी सापडतं. म्हणून नाही.

सकाळी सहा

मूस भट्टीत बसवली. तिच्याभोवती कोळसा रचून ब्लोअर हळू सुरू केला. पहिला तास मूस नुसती तापवायची. ओल राहिली असेल तर इथेच तडा जातो.

हा तास मी नेहमी कोनासमुद्रम् गावाच्या विचारात घालवतो. नांदेडच्या पलीकडे, आता तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात हे गाव आहे. सर्वेक्षण खात्यात काम करणारा हेन्री वॉयसी नावाचा डॉक्टर तिथे गेला आणि त्याने तिथली भट्टी जशी दिसली तशी लिहून ठेवली. तो १८२४ मध्ये वारला, टिपण छापलं गेलं १८३२ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. मी त्या टिपणावरून काम शिकलो म्हटलं तरी चालेल.

त्या भट्टीत दोन गावांचं लोखंड जायचं: तीन भाग मिरटपल्लीचं, दोन भाग कोंडापूरचं. वर थोडी काच. कोळसा आत घालत असल्याचा उल्लेख नाही. मग कार्बन आला कुठून? काही अभ्यासक म्हणतात की दोनांपैकी एक लोखंड मऊ आणि दुसरं बिडासारखं, कार्बनाने भरलेलं असावं. हा तर्क मी कागदावर मांडून बघितला. तीन भागांत शून्य टक्के, दोन भागांत साडेतीन टक्के. दोन गुणिले साडेतीन म्हणजे सात, भागिले पाच. एक पूर्णांक चार दशांश टक्के. जवळजवळ हवा तेवढा कार्बन! ते गणित जुळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसलो होतो. तराजूत दोन जातींचं लोखंड तोलून ते लोक पोलादाची जात ठरवत होते.

दक्षिणेकडे, म्हैसूर आणि सेलमच्या बाजूला, रीत वेगळी होती. तिथे मऊ लोखंडाबरोबर तरवडाच्या वाळल्या काड्या घालत आणि वर रुईची पानं झाकत. लाकूड जळून मुशीतच कोळसा व्हायचा. तिथली आच अडीच तासांत आटोपायची. कोनासमुद्रम्‌ची चोवीस तास चालायची, भात्यावर माणसं पाळीपाळीने.

कोनासमुद्रम्‌ची नक्कल मी एकदा केली आणि वाया घालवली. जुन्या पाणबुडी पंपाचं बिडाचं आवरण फोडून दोन भाग घातले. वडी छान वितळली, गोल निघाली, आणि पहिल्याच घणाला भाजलेल्या मातीसारखी फुटली. तुटलेली बाजू करडी होती, बोट लावलं तर शिसपेन्सिलीसारखं काळं लागलं. आजच्या ओतीव बिडात दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतो. तो कार्बनाला लोखंडात मुरू देत नाही, ग्राफाइट करून बाहेर ढकलतो. जुन्या लहान भट्ट्यांतल्या बिडात सिलिकॉन फारसा जात नसे. चूक माझी होती. नाव एकच असलं म्हणजे माल एकच असतो असं मी धरून चाललो.

सकाळी साडेआठ

आता ब्लोअर पुरा. मूस दिसेनाशी झाली आहे, कारण ती आणि भोवतालचा कोळसा एकाच रंगाचे झालेत. काळा चष्मा लावला तरच कड कळते.

या वेळेला काय चुकतं ते सांगतो. मूस कुठे फुटली तर ज्वाळेत अचानक ठिणग्या उडायला लागतात, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. ते वितळलेलं पोलाद कोळशावर गळतंय. तेव्हा काही करता येत नाही, हवा बंद करून बसायचं. दुसरा धोका उलटा, की आत सगळं वितळलंच नाही. तो बाहेरून कळत नाही. जुने कारागीर मूस सांडशीत धरून हलवत आणि आत द्रव हिंदकळतो का याचा अंदाज घेत. माझी मूस जड आहे आणि हात तेवढे तयार नाहीत. मी झाकणाच्या छिद्रातून एक बारीक तार खाली सोडतो.

दहा वाजता तार घातली. तळाशी टोचल्यासारखं लागलं, ढेकूळ. साडेदहाला पुन्हा घातली, या वेळी काही न अडता तळाला टेकली आणि वर आली तेव्हा तिचं टोक झिजून गेलं होतं. द्रवाने ते गिळलं. तिथून अर्धा तास तीच आच ठेवायची. वितळलेल्या पोलादात कार्बन सगळीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो आणि किटाचे कण वर काचेत जाऊन बसतात.

सकाळी अकरा

ब्लोअर बंद. या क्षणी मूस उचलून बाहेर काढायची नाही. हवेचं भोक विटेने बुजवलं, वरून पाटीभर राख ओतली.

जी नक्षी पुढे तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी दिसते, तिची सुरुवात या राखेखाली होते. पोलाद थिजताना आधी झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक उभे राहतात. थिजणाऱ्या फांद्या लोखंड घेतात आणि कार्बन व इतर किरकोळ धातू दोन फांद्यांच्या मधल्या द्रवात ढकलतात. शेवटी थिजतो तो हा मधला द्रव. हळू थंड केलं तर फांद्या मोठ्या आणि दूरदूर वाढतात. घाईने थंड केलं तर इतक्या बारीक होतात की पुढे डोळ्याला काही दिसणारच नाही. मी एकदा मूस गरम असताना बाहेर काढली होती. त्या वडीचं पातं धार छान धरतं, नक्षी मात्र भिंगाशिवाय दिसत नाही.

किरकोळ धातू म्हणालो, त्यातला महत्त्वाचा व्हॅनेडियम. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि नालबंद कारागीर अल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षं वड्या वितळवून आणि घडवून १९९८ मध्ये दाखवून दिलं की लाखात चार-पाच भाग व्हॅनेडियमसुद्धा नक्षी उमटायला पुरतो, आणि तो नसला तर सगळं बरोबर करूनही पट्टे जुळत नाहीत. खनिजात तो आपसूक येत होता. मला वाटतं, एखाद्या गावच्या खनिजाचं नाव दूरवर का व्हावं याचं बरंचसं उत्तर या एका ओळीत आहे. कारागिराला व्हॅनेडियम माहीत नव्हता, पण अमुक टेकडीचं लोखंड घ्यायचं आणि तमुकचं नाही, हे पक्कं माहीत होतं.

कोनासमुद्रम्‌ला वॉयसीला इस्फहानचा एक हाजी हुसेन भेटला होता. माल घ्यायला तो इतक्या दूरवरून येऊन गावात मुक्काम ठोकून असायचा आणि भरणीच्या वेळी स्वतः उभा राहायचा. इराणात हे पोलाद करून बघितलं, पण तसं जमलं नाही, असं त्याने सांगितलं.

दुपारी बारा

जेवण. वरण-भात आणि चिंचेचं सार. हात इतके कोरडे पडतात की भात कालवताना भेगा चुरचुरतात. बायको न विचारता खोबरेल तेलाची वाटी ताटाशेजारी ठेवते.

दुपारी एक

आता सकाळची वडी. मातीचं कवच हातोडीने झाडलं. वडीभोवती काळ्या पापुद्र्याचा थर जमला आहे, तो खरवडून कडेवर कानस घातली. कानस धरते. मूस फोडल्यावर पहिल्या दिवशी याच जागी ती काचेवरून घसरावी तशी घसरली होती.

तीनदा आच देण्यात दोन कामं झाली. ताज्या वडीत कार्बाइडचं जाळं असतं. कार्बाइड म्हणजे लोखंड आणि कार्बन यांचं संयुग, अत्यंत कडक आणि ठिसूळ. दाण्या-दाण्यांच्या मधून ते विटांमधल्या चुन्यासारखं पसरलेलं असतं, आणि घण मारला की वडी त्याच रेषांवरून फुटते. लांबच्या आचेने ते जाळं तुटक होतं. शिवाय कडेचा कार्बन जळून जातो आणि वडीला भाकरीच्या पापुद्र्याएवढा मऊ लोखंडाचा पदर सुटतो. घणाखाली कड आधी ताणली जाते, तडा तिथूनच सुरू होतो. मऊ पदर तो तडा थोपवतो. वॉयसीने हेच लिहिलं आहे: मातीत लिंपून बारा ते सोळा तास आच, मग थंड, मग पुन्हा, असं तीन-चारदा, वडी घडण्याइतकी मऊ होईपर्यंत.

घडाईची भट्टी वेगळी, लहान. तिच्याजवळचे दिवे मी मालवतो आणि खिडकीवर पोतं टांगतो, कारण रंग अंधारातच खरा दिसतो. मला दोन रंग ठाऊक असले की पुरे. खालची हद्द डाळिंबाच्या दाण्याची, वरची पळसाच्या फुलाची. अंशांत सांगायचं तर साधारण साडेसातशे ते साडेनऊशे. डाळिंबाच्या खाली गेलं की वडी कडक होते आणि तडकते. पळसाच्या वर, पिवळ्याकडे गेलं की दोन अनर्थ होतात. कार्बाइड पोलादात विरघळून जातं आणि नक्षी पुसली जाते. आणखी पुढे पांढुरक्या रंगाला दाण्यांच्या सांध्यांत द्रव सुटायला लागतो आणि वडी घणाखाली ओल्या रेतीसारखी विस्कटते.

युरोपातले लोहार इथेच फसले. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाच्या वड्या लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवल्या. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला आणि तिथून वुट्झ हे नाव रूढ झालं. कानडी उक्कू या शब्दाचंच ते बिघडलेलं रूप असावं असं मानतात. पुढे मायकेल फॅरडेनेही यावर प्रयोग केले. पण साध्या लोखंडाला पांढरा ताव देऊन ठोकायची ज्या हातांना सवय होती, त्यांच्याखाली वड्या फुटत राहिल्या. माल चांगला होता. ताव जास्त होता.

पहिला ताव. वडी पळसाच्या रंगाला आली, ऐरणीवर ठेवली. भाच्याने घण उचलला तसं मी म्हटलं, "हळू रे बाबू, पापड लाटल्यासारखं." पहिल्या तावाला सहाच घाव, तेही हलके. वडी दिसायला तशीच राहिली. हात थरथरतात ते धीर धरण्यानेच. परत भट्टीत, परत पळस, परत सहा घाव.

चौथ्या तावाला कडेवर केसाएवढी काळी रेघ दिसली. तडा आहे. आता ठोकत राहिलं तर तो आत शिरेल. वडी राखेत ठेवून थंड होऊ दिली आणि ग्राइंडरने ती रेघ पार मुळापर्यंत घासून काढली. त्या जागी नखाएवढी वाटी पडली. चालेल. वजन जातं पण वडी वाचते.

दुपारी चार

अकरावा ताव. जाडी साडेतीन सेंटिमीटरवरून तीनवर आली. दर तावाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त उतरत नाही. पात्याच्या जाडीला यायला असे पन्नास-साठ ताव लागतील, म्हणजे आणखी तीन-चार दिवस.

इतक्या तावांनी फक्त आकार येतो असं मला आधी वाटायचं. खरं तर दर वेळी वडी तापताना कार्बाइडचे बारीक कण विरघळतात आणि मोठे टिकतात. थंड होताना सुटलेला कार्बन त्या टिकलेल्या मोठ्या कणांवरच येऊन बसतो. आणि मोठे कण टिकतात ते फांद्यांच्या मधल्या जागेत, जिथे व्हॅनेडियम साचलेला असतो. घणाने त्या जागा चपट्या होतात, एकमेकींवर पदरासारख्या पडतात. म्हणजे सकाळी राखेखाली जी रचना बांधली गेली, तिच्यात दुपारचा प्रत्येक ताव थोडा थोडा कार्बन भरतो. तलवारीवर दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा म्हणजे या कणांच्या रांगा आणि त्यांच्यामधलं काळसर ते साधं पोलाद. दोन वेगळे पत्रे जोडून, पीळ देऊनही पात्यावर नक्षी काढतात, तीही सुंदर असते, पण ती जोडकामाची. ही एकाच वडीतून उगवते.

फारसी जाणकार या नक्षीला जौहर म्हणत. मराठीत आपण पाणीदार तलवार म्हणतो.

धारेचं कारणही इथेच आहे. कार्बाइडचे कण अतिशय कडक, भोवतालचं पोलाद त्या मानाने मऊ. घासताना मऊ भाग आधी झिजतो, कण पुढे राहतात, आणि धार सूक्ष्म करवतीसारखी चावते. याची मर्यादाही सांगायला हवी. याला पाणी देऊन खूप कडक केलं तर पातं आडव्या आघाताला मोडतं. खनिजात फॉस्फरस जास्त असेल तर थंडीत अधिकच. आजच्या चांगल्या मिश्र पोलादाची सुरी धार टिकवण्यात याच्या मागे राहणार नाही. पण त्या काळी पातं ठोकायला बहुतेकांकडे मऊ लोखंड किंवा वरून कार्बन मुरवलेलं ओबडधोबड पोलाद होतं. वितळून एकजीव झालेलं, कीट वर काढून टाकलेलं पोलाद म्हणजे केवढा फरक, हे दोन्ही ठोकून बघितलेल्या हाताला कळतं.

सोळाव्या तावाला भाच्याचा घाव तिरका बसला. मीच थांबवलं. दमलेल्या हाताने हे काम करायचं नाही.

संध्याकाळी सात

वडीच्या एका कोपऱ्यावर नाण्याएवढी जागा घासून गुळगुळीत केली. आधी ग्राइंडर, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी पाण्याखाली सर्वांत बारीक. त्यावर ब्रशने फेरिक क्लोराइड लावलं. सर्किट बोर्ड करणाऱ्यांच्या दुकानात ते मिळतं. जुन्या काळी या कामाला हिराकशीच्या जातीची खनिजं पाण्यात घोळून लावत. त्यातही लोखंडाचंच गंधकयुक्त लवण असतं.

बल्बखाली तिरकं धरलं. आधी नुसतं करडं झालं. मग वीस-पंचवीस सेकंदांनी त्यातून पांढरट ठिपके वर आले, रांगा नाहीत, नुसते विखुरलेले ठिपके, भाताच्या खाचरात नुकतं रोप लावल्यासारखे. भाचा म्हणाला, "हे काही लहर नाही जी, मामा." खरं आहे. सोळा तावांत लहर येत नाही. पण ठिपके आले, म्हणजे आज आम्ही पळसाच्या पलीकडे एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर हा कोपरा एकसारखा करडा दिसला असता. धुऊन, सोड्याच्या पाण्यात बुडवून, तेल लावून वडी कपड्यात गुंडाळली.

रात्री अकरा

मूस राखेखाली बारा तास झाले. बाहेर काढली तर हाताला सोसेल एवढी गरम. मूस वितळलेल्या राखेने हिरवट चकाकते, तिच्या पोटाला एक तडा गेला आहे पण आरपार नाही.

हातोडीच्या दोन टोल्यांत मूस सुटली. वर काचेचा काळा-हिरवा कवडा होता, तो टवका उडून पडला आणि खाली वडीचा माथा दिसला. जे. एम. हीथ या इंग्रजाने १८३९ मध्ये दक्षिणेतल्या भट्ट्यांबद्दल लिहिताना परीक्षा देऊन ठेवली आहे. चांगल्या वडीच्या माथ्यावर मध्यापासून कडेकडे किरणांसारख्या रेषा जातात. बिघडलेली वडी मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र असते आणि तिच्यातून न वितळलेल्या मऊ लोखंडाचे उंचवटे वर आलेले असतात. पाचांत चार वड्या चांगल्या निघतात, असं त्याने नोंदवलं. माझ्या पाचांत अजून तीनच निघतात.

टॉर्च जवळ धरला. मध्यापासून रेषा निघाल्या आहेत, पानाच्या शिरांसारख्या, स्पष्ट. तीन बाजूंना त्या कडेपर्यंत जातात. चौथ्या बाजूला, जिथे ब्लोअरची हवा थेट लागते तिथून उलट्या अंगाला, दोन बोटांएवढी जागा खडबडीत आहे आणि तिच्यात एक बोराएवढा लोखंडाचा उंचवटा तसाच अर्धा बुडालेला आहे. ती बाजू थंड राहिली. पुढच्या खेपेला हवा दोन्हीकडून द्यावी लागेल. आणि तार त्याही अंगाला तिरकी घालून बघायला हवी होती.

वहीत लिहिलं: किलो लोखंड, तीस ग्रॅम कोळसा, मंद आणि पुरी हवा मिळून पाच तास, बारा तास राख. वजन नऊशे ऐंशी. एक कड कच्ची, कापून टाकणे. भाच्याने मुशीच्या दोन फुटक्या तुकड्यांतली काळी बाजू कुटायच्या खलात टाकली. पुढच्या मुशीच्या मातीत ते जाईल.